हवा तीन ठिकाणी तापते

पृथ्वीभोवतालच्या हवेचे तापमान उंचीबरोबर आधी घटते, मग वाढते, पुन्हा घटते आणि शेवटी पुन्हा वाढते. वातावरणाचे थर या चढउतारांवरूनच पाडले आहेत. सर्वांत खालच्या तपांबरात वर जावे तसे गार होत जाते, त्यावरच्या स्थितांबरात हवा उलट उबदार होत जाते, मध्यांबरात पुन्हा गारठा वाढतो आणि त्याच्याही वर उष्मांबरात तापमान शेकडो अंशांवर पोहोचते. या थरांच्या मध्ये कुठलीही भिंत नाही. तापमानाची दिशा जिथे बदलते तिथे एक थर संपला आणि दुसरा सुरू झाला, असे मानतात. म्हणून थरांची नावे पाठ करण्यापेक्षा ही दिशा का बदलते ते समजून घेणे अधिक मोलाचे. त्याचे उत्तर थोडक्यात सांगता येते: हवेला तीन चुली आहेत. पहिली चूल म्हणजे जमीन, दुसरी सुमारे ५० किलोमीटरवरचा ओझोन आणि तिसरी १०० किलोमीटरच्या वरची अतिविरळ हवा. सूर्यप्रकाशाचे तीन वेगवेगळे भाग या तीन ठिकाणी शोषले जातात. चुलीपाशी ऊब आणि दोन चुलींच्या मध्ये गारठा, एवढाच या साऱ्या चढउताराचा हिशेब आहे.

पहिल्या चुलीविषयी एक प्रश्न शाळकरी मुलेही विचारतात: डोंगरावर गेले की सूर्य जवळ येतो, मग तिथे थंडी का? सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. एखाद-दोन किलोमीटर वर चढल्याने त्या अंतरात काहीच फरक पडत नाही. खरे कारण असे, की डोळ्यांना दिसणारा सूर्यप्रकाश हवेतून जवळजवळ न अडता खाली येतो आणि जमीन किंवा समुद्र तापवतो. हवा तापते ती या तापलेल्या पृष्ठभागामुळे, म्हणजे खालून. पृष्ठभागालगतची हवा गरम होऊन हलकी होते आणि वर जाते. वर हवेचा दाब कमी असल्याने ती फुगते. फुगताना तिला भोवतालची हवा बाजूला ढकलावी लागते आणि या कामासाठी लागणारी ऊर्जा तिच्या स्वतःच्या उष्णतेतून जाते. बाहेरून कोणी थंड केले नाही तरी वर चढणारी हवा अशी आपोआप गार होते.

कोरडी हवा या रीतीने दर किलोमीटरला जवळजवळ १० अंश सेल्सिअसने थंड होते. हवेत बाष्प असेल आणि ते द्रवरूप होऊन ढग बनू लागले, तर बाष्पातली सुप्त उष्णता बाहेर पडते आणि थंड होण्याचा वेग बराच कमी होतो. सगळ्या जगाची सरासरी काढली तर दर किलोमीटरला साडेसहा अंश हा आकडा येतो. सुमारे १३५० मीटर उंचीवरचे महाबळेश्वर पायथ्याच्या कोकणापेक्षा साधारण आठ-नऊ अंशांनी थंड का असते, ते या आकड्यावरून लगेच कळते. नियमाला अपवादही असतात. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. पहाटेचे धुके आणि धूर खोलगट भागात साचून राहतात ते यामुळेच. ऊन चढले की जमीन पुन्हा तापते आणि हा उलटा क्रम मोडतो.

वर जावे तसे हवेचा दाबही उतरतो, आणि त्याची चाल तापमानासारखी वाकडीतिकडी नाही. दर साडेपाच किलोमीटरला तो साधारण निम्मा होत जातो. १६ किलोमीटरच्या वर हवेचा जेमतेम दहावा भाग उरतो आणि ५० किलोमीटरच्या वर हजारावा. जवळजवळ सगळे ढग, पाऊस, वादळे आणि हवेतले जवळजवळ सगळे बाष्प पहिल्या थरातच सामावलेले असते.

तपांबराला वरची सीमा आहे, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कोणाला माहीत नव्हते. तापमान असेच उतरत जाऊन अंतराळाच्या गारठ्याला मिळत असेल, अशी समजूत होती. फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या त्राप येथे लेओं तेसरां द बोर हा संशोधक स्वतः नोंदी करणारी उपकरणे बांधलेले मानवरहित फुगे सोडत असे. सुमारे ११ किलोमीटरच्या वर त्याच्या तापमापकातला पारा उतरायचा थांबत होता. उन्हाने उपकरणच तापत असेल अशी शंका साहजिक होती, म्हणून त्याने रात्रीही फुगे सोडले. आकडे तेच आले. दोनशेहून अधिक उड्डाणांनंतर १९०२ मध्ये त्याने निष्कर्ष जाहीर केला, आणि जवळजवळ त्याच सुमारास जर्मनीत रिचर्ड आसमान यानेही रबरी फुग्यांच्या साहाय्याने हेच दाखवून दिले. एका चमत्कारिक आकड्याला उपकरणाचा दोष मानून सोडून न देता त्याची चिकाटीने तपासणी केली, म्हणून स्थितांबर सापडले.

त्राप किंवा बर्लिनवरची ही सीमा भारतावर तशीच नसते. १९२९ मध्ये भारतीय हवामान खात्यातले शास्त्रज्ञ के. आर. रामनाथन यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की सर्वांत थंड स्थितांबर ध्रुवांवर नसून विषुववृत्तावर, सुमारे १७ किलोमीटर उंचीवर आहे. ऐकायला हे उफराटे वाटते. पण कारण पहिल्याच चुलीत आहे. उष्ण प्रदेशात जमीन आणि समुद्र जास्त तापतात, बाष्प भरपूर असते, आणि हवा अधिक जोमाने अधिक उंच चढते. जितकी उंच चढेल तितकी जास्त थंड होईल. ध्रुवांकडे हवा आठ-नऊ किलोमीटरवरच थांबते, म्हणून तिथे तापमान उणे ५० ते ६० च्या आसपास अडते. उष्ण कटिबंधात ते उणे ८० अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही खाली जाते.

मुंबईहून हवामान खात्याचा फुगा वर जातो तेव्हा हा सगळा प्रवास आकड्यांत उमटतो. हायड्रोजन भरलेल्या रबरी फुग्याला दाब, तापमान आणि आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र बांधलेले असते आणि ते रेडिओने नोंदी खाली पाठवत राहते. फुगा मिनिटाला साधारण ३०० मीटर चढतो. खाली हवा २७ अंशांची असेल, तर पाच किलोमीटरच्या आसपास तापमान शून्यावर येते. १० किलोमीटरवर ते उणे तीसच्या पुढे गेलेले असते. तासाभराने, साधारण साडेसोळा किलोमीटरवर, ते उणे ८० च्या आसपास पोहोचते आणि तिथून पुढे दिशा बदलते. २० किलोमीटरवर उणे साठच्या जवळ, २५ वर उणे पन्नासच्या जवळ, ३० वर उणे चाळीसच्या जवळ. तोवर बाहेरचा दाब इतका कमी झालेला असतो, की फुग्याचा व्यास चौपट होतो आणि तो फुटतो. दिशा बदलण्याच्या त्या पट्ट्याला तपस्तब्धी म्हणतात. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे जे केंद्र आहे, तिथून प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मचे प्रचंड फुगे दुर्बिणी आणि इतर उपकरणे घेऊन जातात. त्यांना खरा धोका याच पट्ट्यात असतो. साधे प्लॅस्टिक इतक्या थंडीत ठिसूळ होऊन तडकते. तिथेही लवचीक राहील अशी फिल्म लागते.

तपस्तब्धीचा परिणाम जमिनीवरूनही दिसतो. मे महिन्यातल्या वळवाच्या गडगडाटी ढगाचा माथा पुष्कळदा सपाट होऊन ऐरणीसारखा बाजूला पसरतो. वर उसळणारी हवा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार असते तोवरच चढते. तपस्तब्धीच्या वर मात्र भोवतालची हवा उंचीबरोबर उबदार होत जाते, त्यामुळे खालून आलेली थंड झालेली हवा तिच्यात घुसूच शकत नाही आणि आडवी पसरते. फार जोरदार ढगाचा शेंडा क्षणभर वर घुसतो, पण परत खाली बसतो. गरम हवा वर आणि गार हवा खाली, ही मांडणी स्थिर असते. तिच्यात उभी घुसळण होत नाही. म्हणूनच मोठ्या ज्वालामुखीची बारीक धूळ आणि गंधकाचे कण स्थितांबरात पोहोचले, तर वर्ष-दोन वर्षे तिथेच राहतात, आणि तपांबरातली धूळ मात्र काही दिवसांत पावसाबरोबर खाली येते. विमानप्रवाशांसाठीही एक गंमत यात आहे. १०-११ किलोमीटरवरून उडणारे विमान उत्तर युरोपात बहुधा स्थितांबरात असते, तर मुंबईवर त्याच उंचीला ते अजून तपांबरातच असते, आणि मोठे ढग त्याच्याही वर डोके काढतात.

आता दुसरी चूल. स्थितांबरात ऊब येते ती ओझोनमुळे. सूर्याच्या अतिनील किरणांतले तीव्र किरण ऑक्सिजनच्या रेणूचे दोन अणू वेगळे करतात. सुटा अणू दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला चिकटला की तीन अणूंचा ओझोन तयार होतो. हा ओझोन थोड्या सौम्य अतिनील किरणांनी पुन्हा फुटतो आणि पुन्हा जुळतो. प्रत्येक जुळणीच्या वेळी जवळच्या एखाद्या रेणूला धक्का बसतो, तो वेगाने हलू लागतो, आणि रेणूंचे हलणे म्हणजेच उष्णता. तोच ओझोन दिवसभर फुटत आणि जुळत राहतो आणि किरणांतली ऊर्जा हवेला देत राहतो. या प्रक्रियेची मांडणी इंग्रज शास्त्रज्ञ सिडनी चॅपमन याने १९३० मध्ये केली. सगळा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाखाली एकत्र आणला, तर त्याचा थर जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा भरेल. एवढ्या वायूने सुमारे तीस किलोमीटर जाडीच्या थराचे तापमान उलटे फिरवावे, ही या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणावी लागेल.

इथे एक प्रश्न उरतो आणि पाठ्यपुस्तके बहुधा तो टाळतात. ओझोन सर्वांत दाट असतो २० ते २५ किलोमीटरवर, पण तापमान सर्वाधिक असते ५० किलोमीटरवर, जिथे ते उणे ८० वरून चढत शून्याजवळ आलेले असते. असे का? दोन कारणे मिळून हे घडते. अतिनील किरण वरून येतात, त्यामुळे पन्नास किलोमीटरवरच्या ओझोनला ते पूर्ण ताकदीचे मिळतात आणि खालच्या ओझोनला गाळून उरलेले. दुसरे असे, की २५ किलोमीटरवरची हवा ५० किलोमीटरवरच्या हवेपेक्षा सुमारे चाळीसपट दाट आहे. वर ओझोन थोडा असला, तरी त्याने घेतलेली ऊर्जा फार थोड्या रेणूंत वाटली जाते, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येते. ही ऊब ओझोनचीच आहे, याला दोन बाजूंनी पुरावा मिळतो. मंगळाच्या हवेत ओझोन नगण्य आहे, आणि तिथे पृथ्वीसारखा मधला उबदार थर नाही. अंटार्क्टिकावर वसंत ऋतूत ओझोन विरळ होतो, तेव्हा तिथले स्थितांबरही नेहमीपेक्षा थंड राहते.

फुगे ३०-४० किलोमीटरवर थकतात, आणि अग्निबाण दुसऱ्या महायुद्धानंतर आले. तरीही ५० किलोमीटरवर ऊब आहे, हे त्याआधी दोन दशके ओळखले गेले होते. ते कसे, हे सांगण्याजोगे आहे. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या तोफांचा आवाज आजूबाजूला सुमारे शंभर किलोमीटरपर्यंत ऐकू येई. त्यापुढच्या रुंद पट्ट्यात काहीच ऐकू येत नसे. आणि त्याही पलीकडे, दीडशे-दोनशे किलोमीटरवर, तो पुन्हा ऐकू येई. आवाज गरम हवेत वेगाने आणि गार हवेत मंद जातो. त्यामुळे तपांबरात वर जाणारी ध्वनिलहर आणखी वर वळते आणि जमिनीपासून दूर जाते. मधल्या पट्ट्यातली शांतता यामुळे. ती लहर पुढे एखाद्या उबदार थरात शिरली, तरच उलटी वाकून खाली येऊ शकते. त्या थरातला जोरदार वाराही तिला मदत करतो, म्हणून असा दूरचा आवाज ऋतूप्रमाणे कधी पूर्वेला तर कधी पश्चिमेला ऐकू येतो. १९२२ च्या सुमारास फ्रेडरिक लिंडेमन आणि गॉर्डन डॉब्सन हे दोघे उल्कांच्या प्रकाशरेषांचा अभ्यास करताना याच निष्कर्षाला आले: उल्का ज्या उंचीवर पेटत आणि विझत होत्या, त्या उंचीवरची हवा अपेक्षेपेक्षा उबदार आणि दाट असली पाहिजे. त्यांचे आकडे पुढे दुरुस्त झाले, पण तर्क बरोबर होता. डॉब्सन यानेच नंतर ओझोन मोजणारे यंत्र तयार केले आणि ओझोनच्या मापाला आज त्याचेच नाव आहे. रामनाथन यांनीही पुढची कारकीर्द मुख्यतः ओझोनच्या अभ्यासाला वाहिली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे ते पहिले संचालक होते.

५० किलोमीटरच्या वर मध्यांबर सुरू होते आणि तापमान पुन्हा घसरते. ओझोन इथे फारच थोडा उरतो, म्हणजे दुसरी चूल मागे पडलेली असते. त्यातच कार्बन डायऑक्साइड हवेला थंड करत असतो. खाली हाच वायू पृथ्वीची उष्णता अडवतो, मग वर तो थंडावा कसा देतो? खाली एका रेणूने सोडलेला अवरक्त किरण लगेच दुसरा रेणू पकडतो, त्यामुळे उष्णता हवेतच फिरत राहते. वर हवा इतकी विरळ असते, की सोडलेला किरण बराचसा थेट अंतराळात निघून जातो. याचा परिणाम आज मोजता येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढल्याने तपांबर तापत आहे आणि स्थितांबरापासून वरची हवा थंड होत आहे. सूर्यच जास्त तळपू लागल्यामुळे पृथ्वी तापत असती, तर दोन्ही थर तापले असते. त्यामुळे तापमानवाढीचे कारण ओळखताना हा फरक फार उपयोगी पडतो.

साधारण ८५ ते १०० किलोमीटरच्या दरम्यान मध्यस्तब्धी लागते. तिथे तापमान उणे ९० ते उणे १०० च्या आसपास असते. पण ध्रुवप्रदेशात भर उन्हाळ्यात, सूर्य चोवीस तास मावळत नसताना, ते उणे १४० च्या आसपास जाते आणि हिवाळ्यातल्या अखंड रात्री उलट पुष्कळ चढते. पृथ्वीच्या हवेतली ही सर्वांत थंड जागा. उन्हाने तापणे हे एकच कारण मानले, तर याचा उलगडा होत नाही. खालच्या थरांतून डोंगरांवरून आणि वादळांतून उठलेल्या हवेच्या लाटा इतक्या उंचीवर पोहोचतात, तिथे त्या फुटतात आणि वाऱ्याची दिशा बदलतात. परिणामी उन्हाळ्यातल्या ध्रुवावर हवा हळूहळू वर उचलली जाते आणि हिवाळ्यातल्या ध्रुवाकडे जाऊन खाली उतरते. वर उचललेली हवा फुगते आणि थंड होते. महाबळेश्वरला जो नियम लागू पडला, तोच इथेही. या थंडीत असलेले नसलेले बाष्पही गोठते आणि सुमारे ८३ किलोमीटरवर बर्फकणांचे अतिशय पातळ ढग बनतात. सूर्य मावळल्यावरही ते उजळत राहतात, कारण इतक्या उंचीवर ऊन पोहोचत असते. १८८५ पासून युरोपात त्यांच्या नोंदी आहेत. महाराष्ट्रातून ते दिसत नाहीत.

या थराची माहिती मिळवणे सर्वांत कठीण. फुगे इथवर येत नाहीत आणि उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत. उरतो काही मिनिटांत वर जाऊन पडणारा अग्निबाण. केरळातल्या थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण सुटला. त्याने संध्याकाळच्या आकाशात सोडियमच्या वाफेचा ढग सोडला. १९७० च्या दशकात तिथून दर आठवड्याला रशियन बनावटीचे एम-१०० अग्निबाण सोडून मध्यांबरातले तापमान आणि वारे मोजले जात असत. उष्ण कटिबंधावरच्या या थराची बरीच माहिती त्यातून मिळाली.

मध्यस्तब्धीच्या वर तिसरी चूल आहे. सूर्यापासून येणारे सर्वांत तीव्र अतिनील किरण आणि क्ष-किरण ऑक्सिजन आणि नायट्रोजन इथेच शोषून घेतात; खाली त्यातले काहीच पोहोचत नाही. या किरणांनी अणूंतले इलेक्ट्रॉन उडतात, म्हणून याच भागात विद्युतभारित कणांचे आयनांबर असते आणि रात्री दूरदूरची लघुलहरी रेडिओ केंद्रे त्यावरून परावर्तित होऊन ऐकू येतात. इथे जमा झालेली उष्णता बाहेर टाकणारे वायू फार थोडे आहेत. सुटे ऑक्सिजन अणू आणि नायट्रोजनचे रेणू अवरक्त किरण नीट सोडू शकत नाहीत. त्यामुळे ती उष्णता वहनाने खाली, मध्यस्तब्धीपर्यंत झिरपावी लागते, आणि तिथे कार्बन डायऑक्साइड ती बाहेर टाकतो. उष्णता वरून खाली वाहायची, तर वर तापमान जास्त असलेच पाहिजे. म्हणून उष्मांबरात ते वर चढतच जाते आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर जवळजवळ स्थिरावते. सूर्य शांत असेल तर ते साताठशे अंश, आणि सूर्यावर डागांची आणि ज्वालांची धामधूम असेल तर पंधराशेच्या वर.

या आकड्याने घाबरायचे कारण नाही. तापमान म्हणजे कणांच्या गतीचे माप, कणांची संख्या त्यात येत नाही. समुद्रसपाटीवर हवेचा रेणू मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकाही न जाता दुसऱ्यावर आदळतो. ४०० किलोमीटरवर दोन टकरींच्या मध्ये तो कित्येक किलोमीटर जातो. कण वेगवान असले, तरी इतके थोडे असतात की त्यांच्याकडून मिळणारी उष्णता नगण्य असते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक याच उंचीवर फिरते. त्याची बाहेरची बाजू उन्हात तापते आणि सावलीत गोठते ती थेट सूर्यप्रकाशामुळे आणि स्वतःची उष्णता बाहेर टाकल्यामुळे. भोवतालच्या हजार अंशांच्या हवेचा त्यात जवळजवळ काहीच हात नसतो.

ही हवा विरळ असली तरी उपग्रहांना अडवते. सूर्य खवळला की उष्मांबर तापून फुगते, दाट हवा वर सरकते आणि घर्षण वाढते. १९७९ च्या जुलैत अमेरिकेची स्कायलॅब प्रयोगशाळा कोसळणार म्हणून भारतातही घबराट पसरली होती. तिच्या अकाली पडण्यामागे हेच कारण होते: सूर्य अंदाजापेक्षा जास्त सक्रिय निघाला. ११ जुलैला तिचे अवशेष हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे २१० किलोमीटरवर नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक याच रीतीने, एका साध्याशा भूचुंबकीय वादळानंतर, जळून गेले.

मग अंतराळ नेमके कुठे सुरू होते? हवा कुठेही एकदम संपत नाही, त्यामुळे रेषा माणसालाच आखावी लागते, आणि ती कशासाठी हवी यावर तिची जागा ठरते. सर्वांत अर्थपूर्ण विचार थिओडोर फॉन कार्मान या हंगेरियन-अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो. विमान हवेच्या आधाराने उडते. हवा विरळ होत जाईल तसा तेवढाच आधार मिळवायला वेग वाढवावा लागतो. एका उंचीवर लागणारा वेग सेकंदाला जवळजवळ आठ किलोमीटर होतो. पण एवढ्या वेगाने जाणाऱ्या वस्तूला पंखांची गरजच उरत नाही. ती पृथ्वीभोवती कक्षेत फिरू शकते. विमानशास्त्र जिथे निरुपयोगी ठरते आणि कक्षेचे गणित सुरू होते, ती ही सीमा. विमानाचे वजन आणि पंख कसे आहेत यावर तिची उंची थोडी बदलते, आणि गणित ८० ते १०० किलोमीटरच्या दरम्यान कुठेतरी येते. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने सोयीचा पूर्णांक म्हणून १०० किलोमीटर ही कार्मान रेषा मानली आहे. अमेरिकेचे हवाई दल आणि नासा मात्र ५० मैल, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर, ही मर्यादा धरतात.

या फरकाने काही माणसे अंतराळवीर ठरतात आणि काही ठरत नाहीत. १९६० च्या दशकात एक्स-१५ या अग्निबाण-विमानाने ८० किलोमीटरची उंची आठ वैमानिकांनी ओलांडली. १०० किलोमीटरची रेषा मात्र त्यांपैकी एकट्या जो वॉकर यानेच पार केली, १९६३ मध्ये. २०१८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल याने जुन्या उपग्रहांच्या कक्षा तपासून असे मांडले, की लंबवर्तुळाकार कक्षेतले काही उपग्रह ८० ते ९० किलोमीटरइतके खाली येऊनही पुन्हा वर गेले आहेत, म्हणून ८० हाच आकडा निसर्गाला अधिक धरून आहे. त्याचा युक्तिवाद पटण्यासारखा आहे, कारण मध्यस्तब्धीही त्याच सुमारास सुरू होते. गोल कक्षेत सतत फिरत राहायचे, तर मात्र बरेच वर जावे लागते. जपानच्या त्सुबामे उपग्रहाने २०१९ मध्ये १६७ किलोमीटरवर तग धरला, पण त्यासाठी त्याला आयन इंजिन चालू ठेवावे लागले.

कायद्याने हा प्रश्न सुटलेला नाही. १९६७ चा अंतराळ करार अंतराळावर कोणत्याही देशाची मालकी नाकारतो, पण अंतराळ कुठून सुरू होते ते सांगत नाही. देशाची हवाई हद्द कुठवर, हेही त्यामुळे अनिश्चित राहते. संयुक्त राष्ट्रांच्या समितीत यावर अनेक दशके चर्चा चालू आहे. काही देशांना ठरलेली रेषा हवी आहे. इतरांना वाटते, की उंचीपेक्षा यान काय काम करते यावरून ठरवावे. व्यवहारात कक्षेत फिरणाऱ्या वस्तूला कोणी देश हद्दीचे उल्लंघन केल्याबद्दल अडवत नाही.

निसर्गात तर हवा या साऱ्या रेषांच्या पुष्कळ पलीकडे जाते. शंभर किलोमीटरच्या खाली वारे आणि लाटा हवा घुसळत राहतात, त्यामुळे नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे तेच राहते. त्याच्या वर घुसळण थांबते आणि वायू वजनाप्रमाणे वेगळे होतात. जड खाली राहतात, हलके वर. पाचशे ते हजार किलोमीटरच्या दरम्यान बाह्यांबर सुरू होते. तिथे अणू एकमेकांवर क्वचितच आदळतात. ते वर फेकलेल्या दगडासारखे जाऊन परत येतात किंवा पुरेसा वेग असेल तर कायमचे निघून जातात. सर्वांत बाहेर उरतो हायड्रोजन. सोहो या अंतराळ दुर्बिणीच्या जुन्या नोंदींवरून २०१९ मध्ये असे दिसून आले, की हा हायड्रोजनचा अत्यंत विरळ ढग सुमारे ६ लाख ३० हजार किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे तोही या ढगाच्या आतूनच फिरतो.